व्हिडिओ सुरू होण्याआधीचे काही सेकंद

कढईतलं तेल उडून मनगटावर आलं की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. हाताला लागेल ते भाजलेल्या जागेवर चोपडतो किंवा फोन उचलून विचारतो. विचारताना शब्द बहुतेक ठरलेले असतात: ‘भाजल्यावर काय लावावे’. या प्रश्नातच घोटाळा आहे. लावायचं काहीच नसतं, हात वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो, आणि तोही वीस मिनिटं. म्हणजे चुकीचा प्रश्न विचारणाऱ्या माणसापर्यंत बरोबर उत्तर पोहोचवायचं आहे आणि त्यासाठी वेळ आहे जेमतेम काही सेकंद. व्हिडिओ अजून उघडलेलाही नाही. हे काम व्हिडिओतला डॉक्टर करू शकत नाही. ते करतो मेटाडेटा, म्हणजे व्हिडिओबरोबर चिकटवलेली माहिती: शीर्षक, वर्णन, प्रकरणांच्या वेळा, भाषेची नोंद, टॅग. अपलोड करताना शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने भरल्या जाणाऱ्या या रकाने-चौकटींमध्ये केवढं काही सामावतं, हे मी जितकं पाहतो तितका थक्क होतो.

भाजण्याच्या प्रथमोपचाराचा एक मराठी व्हिडिओ समोर ठेवू. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्याची माहिती एकेक करून भरायची आहे.

आधी पाण्याविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तेल पुसलं, वाफ संपली, तवा दूर झाला, तरी त्वचेत शिरलेली उष्णता लगेच जात नाही. ती आत उतरत राहते आणि दुखापत आणखी खोल करते. वाहतं, गार (बर्फाचं नव्हे) पाणी ही उष्णता ओढून घेतं, वेदना कमी करतं आणि सूजही आटोक्यात ठेवतं. बर्फ लावला तर रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच दुखावलेल्या त्वचेला गारठ्याची वेगळी इजा होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक सूचना वीस मिनिटं सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या सूचनेत आणखी एक दिलासा आहे: उशीर झाला असला, तरी तीन तासांच्या आत धरलेलं पाणी उपयोगी पडतं. टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतलं काहीही उष्णता बाहेर काढत नाही. त्यांचा थर उलट ती आत कोंडतो, जखमेत जंतू नेतो आणि डॉक्टरला खालची त्वचा नीट दिसू देत नाही.

आता शीर्षक. यूट्यूब शीर्षकाला शंभर चिन्हं देतं. शंभर म्हणजे पुष्कळ वाटतील, पण यंत्राची मोजणी आपल्या मोजणीसारखी नसते. ‘प्रथमोपचार’ या शब्दात डोळ्यांना सहा अक्षरं दिसतात. यंत्राला दहा दिसतात, कारण काना, मात्रा आणि ‘प्र’मधला न दिसणारा हलन्त हे प्रत्येकी एक चिन्ह धरलं जातं. शिवाय फोनवर शोधाच्या यादीत शीर्षक दोनेक ओळी दिसतं आणि मग तीन टिंबांत विरून जातं. त्यामुळे शंभरांत काय बसतं याला तितकं महत्त्व नाही. टिंबं आली तेव्हा कोणतं वाक्य अर्धवट राहिलं, हे पाहायचं असतं.

‘भाजल्यावर काय लावावे? डॉक्टरांनी सांगितलेली सर्वात महत्त्वाची गोष्ट’ असं शीर्षक घ्या. ते शोधात सापडेल, कारण लोकांचे शब्द त्यात आहेत. पण ते कापलं गेलं काय आणि पूर्ण दिसलं काय, वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उत्तर आतमध्ये दडवून ठेवलेलं आहे. रेसिपीच्या व्हिडिओला ही युक्ती चालते, इथे ती माणसाचा हात पाण्यापासून लांब ठेवते. मी त्याऐवजी हे लिहीन:

```
भाजल्यावर २० मिनिटे वाहते पाणी: काय लावावे, काय लावू नये | प्रथमोपचार
```

एकूण एकोणसत्तर चिन्हं. त्यातल्या पहिल्या तीस चिन्हांतच कृती पूर्ण झालेली आहे. ‘पाणी’नंतर कुठेही कापलं तरी चालतं. लोकांचा प्रश्नही आत आहे, म्हणून शोधणाऱ्या यंत्राला तो जुळतो. ज्याने व्हिडिओ उघडलाच नाही, यादी नुसती डोळ्यांखालून घातली आणि नळाकडे धावला, त्याच्यावरही अर्धा प्रथमोपचार झालेला असतो. पाहणाऱ्यांच्या आकड्यात हा माणूस कधीच मोजला जाणार नाही.

शेवटचा ‘प्रथमोपचार’ शोभेसाठी नाही. वांगं भाजल्यावर, शेंगदाणे भाजल्यावर, रवा भाजल्यावर काय करायचं हे विचारणारेही तोच शब्द टाइप करतात. माणूस क्षणात फरक ओळखतो. यंत्राला शेजारचे शब्द लागतात. म्हणून वर्णनातही ‘त्वचा’, ‘हात’, ‘फोड’, ‘चटका’, ‘पोळणे’, ‘गरम तेल उडाले’, ‘वाफ लागली’ असे शब्द यायला हवेत, आणि तेही वाक्यांत. नुसती माळ लावून ते काम होत नाही. ‘घरगुती उपाय’ हे शब्द लोक हमखास शोधतात. ते शीर्षकात टाकले तर क्लिक मिळतात, पण खोटं आश्वासन दिल्यासारखं होतं. वर्णनात ‘घरगुती उपाय म्हणून टूथपेस्ट, हळद, तूप, शाई लावू नका’ असं लिहिलं, तर तीच माणसं त्याच शब्दांवरून येतात आणि खरं वाचतात.

टॅगविषयी फार बोलण्यासारखं नाही. यूट्यूब स्वतःच सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो; ज्या शब्दाचं स्पेलिंग लोक वेगवेगळं करतात तिथे ते उपयोगी पडतात. मराठीत हे खरंच घडतं, कारण कित्येक जण रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात. `bhajlyavar kay lavave`, `bhajlyavar upay` असे चार-सहा टॅग टाकले की झालं.

वर्णनाला पाच हजार चिन्हं मिळतात, पण ‘आणखी’वर बोट ठेवण्याआधी दिसतात त्या पहिल्या काही ओळीच. बहुतेक वर्णनं ‘नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनेलवर आपलं स्वागत आहे’ने सुरू होतात, आणि ही जागा तिथेच खर्ची पडते. ती जागा किती मोलाची आहे हे व्हिडिओआधी जाहिरात लागते तेव्हा कळतं. जाहिरात चालू असताना पडद्याच्या वरच्या भागात साबण विकला जात असतो, आणि खाली शीर्षक शांतपणे दिसत असतं. वर्णन त्याच्यापासून एका बोटाच्या अंतरावर असतं. जाहिरात संपेपर्यंत माणसाला वाचण्यासारखं एवढंच आहे.

म्हणून पहिली ओळ कृतीची आणि दुसरी तातडीची. आता ही दुसरी ओळ किती जपून लिहावी लागते पाहा. समजा लिहिलं: ‘चेहरा, मोठे भाजणे, वीज, लहान मूल: पाणी चालू ठेवून 108 ला फोन करा.’ आटोपशीर आहे, एका ओळीत बसतं. पण यातला ‘वीज’ हा एक शब्द जीव घेऊ शकतो. विजेचा प्रवाह अजून चालू असताना पाणी ओतायचं नसतं आणि त्या माणसाला हातही लावायचा नसतो. आधी मेन स्विच बंद करायचा असतो. चार गोष्टींना एकाच सूचनेच्या दावणीला बांधलं की सगळ्यांत वेगळी गोष्ट घात करते. म्हणून ओळ फोडावी लागते:

```
आधी पाणी: भाजलेली जागा लगेच वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा.
चेहरा, लहान मूल, हाताच्या पंजाहून मोठे भाजणे: पाणी चालू ठेवून 108 / 112.
विजेने भाजले: आधी मेन स्विच बंद. मग जवळ जा. मग 108 / 112.
```

‘हाताच्या पंजाहून मोठे’ यावरही क्षणभर थांबायला हवं. कोणाच्या हाताच्या? दोन वर्षांच्या मुलाच्या पाठीवर गरम चहा सांडला आणि आईने आपला हात लावून पाहिला, तर जखम तिला छोटीच वाटणार. मोजायचं असतं ते भाजलेल्याच्या स्वतःच्या पंजाने. बोटांसकट पंजा म्हणजे त्या शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का, आणि हे प्रमाण लहानाला नि मोठ्याला जवळपास सारखंच लागू पडतं. शरीर आपली फूटपट्टी आपल्याबरोबरच वाढवत नेतं, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. ओळीत एकच शब्द वाढवायचा: ‘भाजलेल्याच्या स्वतःच्या पंजाहून मोठे’. जागा जाते, जाऊ दे.

नंबर मुद्दाम 108 असा इंग्रजी अंकांत लिहिला आहे, कारण फोनच्या कीपॅडवर तो तसाच दिसतो. थरथरत्या हाताला १०८चं 108 करायला लावू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात 108 रुग्णवाहिकेचा, 112 देशभरच्या आपत्कालीन मदतीचा. पण मराठी व्हिडिओ न्यू जर्सीतही पाहिला जातो, लंडनमध्येही, दुबईतही; नातवाला सांभाळायला गेलेल्या आजीला तिथला नंबर माहीत असेलच असं नाही. अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999, दुबईत रुग्णवाहिकेसाठी 998. ही ओळ वर्णनात जरा खाली चालेल, पण असावी.

आता मला सगळ्यांत आवडणारा भाग, म्हणजे प्रकरणं. वर्णनात वेळा लिहिल्या की व्हिडिओच्या पट्टीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला नाव मिळतं. नियम मोजके आहेत: किमान तीन वेळा, चढत्या क्रमाने, प्रत्येक तुकडा किमान दहा सेकंदांचा, आणि पहिली वेळ 00:00 हीच हवी. वेळांचे अंक इंग्रजीतच ठेवावेत.

```
00:00 आधी पाणी: २० मिनिटे
00:35 अंगठी, बांगड्या, कपडे काढा
01:15 नळाला पाणी नसेल तर
01:50 झाका: क्लिंग फिल्म किंवा स्वच्छ कापड
02:25 काय लावू नये, फोड फोडू नये
03:00 डॉक्टर कधी, 108 कधी
```

पहिली वेळ 00:00 हवी हा नियम साधा दिसतो, पण तो व्हिडिओची परीक्षा घेतो. सुरुवातीला चॅनेलचं बोधचिन्ह फिरत असेल, मग संगीत, मग ‘आजच्या भागात आपण पाहणार आहोत’, तर पहिल्या प्रकरणाचं खरं नाव ‘प्रस्तावना’ ठेवावं लागतं. माहिती भरणाऱ्याला इथेच कळतं की व्हिडिओ पुन्हा कापायला हवा. कागदावरच्या एका ओळीने संकलकाला परत टेबलावर बसवावं, असं मेटाडेटाकडून फार थोड्या ठिकाणी घडतं.

तिसऱ्या ओळीकडे बघा. मराठी घरांत नळाला चोवीस तास पाणी असतंच असं नाही. परदेशी सूचना जशाच्या तशा मराठीत आणल्या तर हे प्रकरण सुटून जातं. पिंप किंवा बादली असेल तर तांब्याने सावकाश पाणी ओतत राहायचं. तेवढंही नसेल तर ओलं स्वच्छ कापड ठेवायचं आणि ते गरम झालं की बदलायचं. वाहत्या पाण्याइतकं ते चांगलं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं. लहान मुलाच्या बाबतीत याच प्रकरणात आणखी एक वाक्य असायला हवं: भाजलेला भाग पाण्यात, बाकीचं अंग पांघरुणात, नाहीतर वीस मिनिटांत मूल गारठतं. दुसऱ्या ओळीतल्या बांगड्या-अंगठ्यांचं कारण सूज. ती चढली की अंगठी बोटाला आवळते. मात्र कापड त्वचेला चिकटलं असेल तर ते ओढायचं नाही.

या व्हिडिओची एक गंमत अशी की तो तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे, पण तो जे करायला सांगतो त्याला वीस मिनिटं लागतात. व्हिडिओ संपला की हात बाहेर काढायचा, असं कोणाला वाटलं तर काम अर्धवट राहतं. आणि यंत्रांसाठीच्या माहितीच्या भाषेत या दोन वेळांसाठी दोन वेगळे रकाने आधीपासून आहेत. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११मध्ये मिळून एक सामाईक शब्दसंग्रह सुरू केला, `schema.org`. एखाद्या रुग्णालयाने हा व्हिडिओ स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला, तर त्या शब्दसंग्रहात व्हिडिओची लांबी आणि कृतीचा वेळ असे लिहितात:

```
"duration": "PT3M40S"
"totalTime": "PT20M"
```

पहिली नोंद `VideoObject`ची, दुसरी `HowTo`ची. कृतीच्या पायऱ्या म्हणून शोधाच्या यादीत वेगळ्या उठून दिसण्याची सोय गूगलने २०२३मध्ये काढून टाकली, त्यामुळे दुसऱ्या नोंदीचा तिथे आता दृश्य फायदा नाही. तरीही पाहण्याचा वेळ आणि करण्याचा वेळ निराळा असतो, हे कोणीतरी शांतपणे बसून विचारात घेतलं आणि त्याला जागा करून दिली, याचं मला कौतुक वाटतं. माणसांसाठी हाच फरक वर्णनात शब्दांनी सांगायचा: ‘व्हिडिओ संपला तरी हात पाण्याखालीच ठेवा. घड्याळ लावा.’ लघुचित्रावरही मोठ्या अक्षरांत ‘२० मिनिटे’ हवंच, फक्त उजव्या कोपऱ्यात खाली नको. तिथे यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं आणि नेमका चुकीचा आकडा बरोबर आकड्याला झाकतो. लघुचित्रात फोड आलेली त्वचा दाखवण्याची गरज नाही. नळाखालचा हात पुरे. ज्याच्या डोळ्यांसमोर आधीच फोड आहेत त्याला आणखी कशाला घाबरवायचं?

आता खुलासा, म्हणजे हा व्हिडिओ डॉक्टरची जागा घेत नाही हे सांगणारी ओळ. ती बहुतेक ठिकाणी इंग्रजी कायदेशीर मजकुरातून उचललेली असते आणि वर्णनाच्या तळाशी जाऊन बसते. माझ्या मते तातडीची सूचना आणि खुलासा यांची सरमिसळ हा सगळ्यांत मोठा दोष आहे. तातडीची सूचना पाहणाऱ्यासाठी असते. तिला लक्षणं लागतात: पंजाहून मोठी जखम, पांढरी किंवा कोळशासारखी पडलेली त्वचा, चेहरा-हात-पाय-सांधे-गुप्तांग, वीज, रसायन, धुरात गुदमरणं. यात एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण ती सहजबुद्धीच्या उलट आहे. खोल भाजलेली जागा कधीकधी दुखत नाही, कारण तिथल्या संवेदनांच्या नसाच जळलेल्या असतात. ‘दुखत नाही, म्हणजे थोडक्यात निभावलं’ असं समजून लोक थांबतात. खुलाशाचं काम वेगळं. तो व्हिडिओची हद्द सांगतो आणि तो साध्या मराठीत असा लिहिता येतो: ‘दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचे एवढेच हा व्हिडिओ दाखवतो. तपासणी, औषध आणि जखमेची पुढची काळजी डॉक्टरांकडेच.’

खुलासा खरा आहे की नाही हे त्याच्या शब्दांवरून ठरत नाही, बाकीच्या रकान्यांवरून ठरतं. खाली ‘वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही’ आणि वर शीर्षकात ‘एका रात्रीत डाग गायब’ असेल, तर वाचणारा वरचं धरून चालतो. तपासायची सोपी रीत म्हणजे शीर्षक, लघुचित्र, टॅग आणि खुलासा एकाखाली एक लिहून सलग वाचायचे. एखादी ओळ दुसरीला खोटं पाडत असेल तर ती लगेच खुपते.

सबटायटल हीसुद्धा माहितीच, आणि भाजल्याच्या वेळी तिची किंमत वाढते: मूल किंचाळत असतं, नळ धो-धो वाहत असतो, फोनचा आवाज कुणाला ऐकू येतो? ‘वीस’ आणि ‘तीस’ गोंगाटात सारखेच वाटतात, म्हणून आकडा अंकांतच लिहावा.

```
2
00:00:04,000 --> 00:00:08,500
नळ सोडा. हात पाण्याखाली. २० मिनिटे.
```

भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला विसरू नये. लिपीवरून हिंदी की मराठी हे ठरत नाही, आणि हा रकाना रिकामा राहिला की यंत्राला अंदाज बांधावा लागतो. जानेवारी २०२४मध्ये यूट्यूबने अमेरिकेत प्रथमोपचाराच्या शोधांसाठी विश्वासार्ह संस्थांचे व्हिडिओ सगळ्यांत वर मांडायला सुरुवात केली, ती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. मराठीत शोधणाऱ्यासमोर चांगला व्हिडिओ वर येणं अजून बरंचसं या छोट्या रकान्यांवर अवलंबून आहे.

एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी, त्याच दुव्यावर, नवी फाइल ठेवता येत नाही. पण शीर्षक, वर्णन, प्रकरणं, सबटायटल केव्हाही बदलता येतात. उद्या एखादी सूचना सुधारली, तर शेकडो ठिकाणी पोहोचलेल्या त्या दुव्याखाली बदलता येण्यासारखं एवढंच उरतं. म्हणून वर्णनात ‘शेवटची तपासणी’ आणि तारीख लिहायची. नाहीतर दिसते ती फक्त चढवल्याची तारीख आणि व्हिडिओ सहा वर्षांपूर्वीचा म्हणून कोणी सोडून देतो, किंवा सहा वर्षांपूर्वीचा असूनही त्यावर विसंबतो.

आणि एक वाट अशी आहे जिथे यातलं काहीच सोबत जात नाही. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की शीर्षक आणि लघुचित्र तरी बरोबर जातं. पण कोणीतरी व्हिडिओ उतरवून फाइलच पुढे ढकलली, तर वर्णन गळतं, प्रकरणं गळतात, खुलासा आणि 108ची ओळही गळते. नातेवाइकांच्या गटांत फिरणारे कितीतरी व्हिडिओ असेच उघडेबोडके फिरत असतात. त्याला उपाय एकच: जे गळून चालणार नाही ते चित्रातच उमटवायचं. पहिल्या पाच सेकंदांत ‘२० मिनिटे’, विजेबद्दल बोलताना ‘आधी मेन स्विच’, आणि 108 व 112 हे आकडे शेवटच्या तीस सेकंदांत पडद्याच्या वरच्या भागात, व्हिडिओच्या पट्टीखाली झाकले जाणार नाहीत इतक्या उंचीवर. निवेदकानेही ते ‘एक शून्य आठ’, ‘एक एक दोन’ असे एकेक आकडा सुटा करून म्हणायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला ते म्हणता म्हणताच दाबता येतात.